मिठाचा भाव, एक घाट आणि चार वर्षं चाललेली मोहीम

प्रश्न: आमची डी अँड डी या भूमिकाखेळाची मोहीम आठ महिने चालू आहे, पाच खेळाडू आहेत. नकाशावर बारा शहरं आणि त्यांना जोडणारे व्यापारी मार्ग काढलेत, चाळीस वस्तूंच्या भावांचं एक्सेलही केलंय, पण खेळताना त्यातलं काहीच वापरलं जात नाही. आता एका खेळाडूला खेचरं घेऊन स्वतः व्यापार करायचाय आणि माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नाही. मोहीम अजून दोन-तीन वर्षं चालवायची आहे. अर्थव्यवस्था नीट कशी बसवू?

उत्तर:

तुमच्या एक्सेलमध्ये प्रत्येक शहरातला भाव आहे, पण तो भाव तसा का आहे हे बहुधा कुठेच नाही. मीठ बंदरावर तांब्याच्या दोन नाण्यांना आणि वरच्या पेठेत पाच नाण्यांना असेल, तर मधले तीन तांबे कोणाच्या खिशात गेले? ते सांगता आलं की अर्थव्यवस्था झाली. सांगता येत नसेल तर बारा शहरं आणि चाळीस वस्तू म्हणजे नुसती सजावट, आणि सजावटीला खेळाडू हात लावत नाहीत.

मी गेली पंधरा वर्षं डीएम म्हणून खेळ चालवतोय. सगळ्यात लांबलेली मोहीम सव्वाचार वर्षं चालली, आणि तिच्या व्यापाराचा सगळा डोलारा एका घाटावर उभा होता. खाली किनारा आणि बंदर, मध्ये खिंड, वर पठार आणि पठारावर एक मोठी पेठ. बाकीचा नकाशा दोन वर्षं कोराच होता. म्हणून माझा पहिला सल्ला हा की या सगळ्या मार्गांपैकी खेळाडू आत्ता जिथे आहेत तिथला एकच मार्ग उचला आणि त्याचा हिशेब पैशापर्यंत करा. खाली मी माझा हिशेब मांडतो. दर पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकातले आहेत. तुम्ही दुसरी प्रणाली खेळत असाल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पुस्तकात सोन्याच्या एका नाण्याचे दहा चांदी किंवा शंभर तांबे होतात. मीठ पौंडाला पाच तांबे. बिनकसबी मजूर दिवसाला दोन चांदी, कसबी माणूस दोन सोनं. जनावराचा चारा दिवसाला पाच तांबे. खेचराची किंमत आठ सोनं. पुस्तकाच्या हिशेबानं खेचर चारशे वीस पौंड वाहतं, पण घाट चढणाऱ्या जनावरावर मी दोनशेच पौंड लादतो. पुस्तकातला मिठाचा भाव मी पठारावरच्या पेठेतला धरला आणि बंदरावरचा दोन तांबे ठेवला, कारण मिठागरं तिथेच आहेत.

बंदर ते पेठ आठ दिवस, म्हणजे जाऊन-येऊन सोळा. चाळीस खेचरांचा काफिला धरू. पाच खेचरांमागे एक हाकणारा, म्हणजे एका खेचरावर त्याच्या मजुरीचे रोजचे चार तांबे पडले. चाऱ्याचे पाच, नाल-दोरखंडाचा एक. एका खेचराचा रोजचा खर्च दहा तांबे, सोळा दिवसांचे एकशेसाठ. खिंडीत जकात, खेचरामागे चाळीस तांबे. आणि काफिल्याबरोबर चार हत्यारबंद रखवालदार. ते कसबी, म्हणून प्रत्येकी दोन सोनं रोज. चौघांचे सोळा दिवसांचे एकशे अठ्ठावीस सोनं होतात, ते चाळीस खेचरांवर वाटले की प्रत्येकावर तीनशेवीस तांबे.

हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं. चारा, हाकणारे आणि जकात मिळून दोनशे, आणि एकटी रखवाली तीनशेवीस. मार्गावरचा सगळ्यात मोठा खर्च भीतीचा आहे!

आता दोनशे पौंड मिठाची खरेदी चारशे तांबे. त्यात एकशेसाठ, चाळीस आणि तीनशेवीस मिळवले की नऊशेवीस. म्हणजे पौंडाला चार तांब्यांच्या वर घरातच पडलं, विकायचं पाचला. जेमतेम नफा. पण काफिला रिकामा परतत नसेल तर चित्र पालटतं. वरून कापड आणलं तर चारा-हाकणारे आणि रखवाली यांचा निम्मा भार कापडावर जातो. मिठाच्या वाट्याला ऐंशी आणि एकशेसाठ उरतात. एकूण सहाशेऐंशी, म्हणजे पौंडाला साडेतीन तांब्यांच्या आत. खेचरामागे तीनशेवीस तांबे नफा. परतीचा माल मिळतो की नाही यावर व्यापारी जगतो की बुडतो हे ठरतं. हेच मुळात मोहिमेचं कथानक आहे, फक्त ते हिशेबाच्या वहीत लपलेलं असतं.

आता या हिशेबाशी खेळून बघा. दुष्ट सरदारानं जकात दुप्पट केली तर? खेचरामागे चाळीस तांबे वाढले, मीठ पौंडाला एक तांब्याच्या पाचव्या हिश्श्यानं महागलं. कोणाला कळणारही नाही. पण घाटात दरोडे वाढले आणि चारऐवजी आठ रखवालदार लागले, शिवाय घाबरून वरचे विणकर कापड पाठवेनासे झाले, तर मिठाचा घरात पडणारा खर्च पौंडाला सहा तांब्यांच्या पुढे जातो. पाचला विकणं शक्यच नाही. म्हणून तुमच्या खलनायकाला व्यापाराचा गळा आवळायचा असेल तर त्याला कर वाढवायला लावू नका. चार टोळ्यांना गुपचूप पैसे द्यायला लावा.

हे माझ्या टेबलावर उलट बाजूनं घडलं. नवव्या बैठकीत खेळाडूंनी घाटातल्या दरोडेखोरांच्या म्होरक्याला मारलं. जल्लोष झाला, बक्षीस मिळालं. पण माझ्या वहीत तो म्होरक्या प्रत्येक काफिल्याकडून ठरावीक हप्ता घेऊन बाकीच्या चोरांना घाटाबाहेर ठेवणारा माणूस होता. तो गेल्यावर त्याच्या माणसांच्या तीन टोळ्या झाल्या, आणि तिन्ही लुटू लागल्या. रखवाली दुप्पट झाली. महिन्याभरात वरच्या पेठेत मीठ पाचाचं आठ झालं. खेळाडूंना मी आकडा सांगितला नाही. ते नेहमीच्या खानावळीत उतरले तेव्हा आमटी अळणी होती, आणि मालकिणीनं ताटात मीठ वाढलंच नाही. शेजारच्या बाकावरचा कातडी कमावणारा म्हणाला, "मिठाशिवाय कातडी सडतायत, पोरांना घरी पाठवलंय." टेबलावर क्षणभर सगळे गप्प झाले, मग आमची धर्मगुरू खेळणारी मुलगी म्हणाली, "हे आपण केलंय का?" पुढचे सहा महिने त्या एका प्रश्नावर खेळ चालला.

भाव खेळाडूंपर्यंत असाच पोचवा. पौंडाला तीन तांबे वाढले हे कोणी लक्षात ठेवत नाही. खानावळीतलं ताट, लोहाराची थंड पडलेली भट्टी, बैल विकायला काढलेला शेतकरी हे लक्षात राहतं. आकडा तुमच्या वहीत असू द्या. तो खरा असला की ताटसुद्धा खरं वाटतं.

यावर तुमच्या मनात येईल की मग भाव वाढतच जाईल का? नाही. त्याला वरची मर्यादा असते, आणि ती ठरवतो दुसरा मार्ग. माझ्या जगात उत्तरेकडून मैदानातून वळसा घालून येणारी एक वाट होती, एकोणीस दिवसांची. लांब, पण सपाट आणि निर्धास्त. त्या वाटेनं मीठ आणलं तर ते साधारण आठ तांब्यांना पडतं असं मी ठरवलं. म्हणजे घाट पूर्ण बंद झाला तरी मीठ आठाच्या फार वर टिकणार नाही, कारण त्या भावाला उत्तरेचे व्यापारी माल घेऊन येतात. प्रत्येक मार्गाला असा एक महागडा पर्याय लिहून ठेवा. मग कितीही संकट आलं तरी भाव कुठे थांबेल हे तुम्हाला माहीत असतं. शिवाय घाट बंद राहावा असं मनापासून वाटणारी माणसंही आयती मिळतात. उत्तरेच्या वाटेवरचे सराईवाले आणि तिथले जकातदार घाट मोकळा होऊ देतील का?

हे सगळं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपल्याच मुलखाचा असा मार्ग आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड यायचे, तेरहून भरपूर कापड, तेही गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून. नकाशा समोर ठेवला तर पैठणला कल्याण किती जवळ आहे ते दिसेल. मग माल इतक्या लांब भडोचला का जायचा? त्याचंही उत्तर तिथेच आहे. कल्याण पूर्वी राजमान्य बाजारपेठ होतं, पण सत्ता बदलल्यावर त्या बंदराची अडवणूक सुरू झाली आणि तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जायची. एका ओळीत अख्खी मोहीम आहे. बंद पडलेलं बंदर, पहाऱ्यात चाललेलं परदेशी जहाज, ओस पडलेला घाट आणि दूरच्या बंदरात गब्बर होणारे लोक. व्यापार संपला नव्हता, फक्त सरकला होता. तुमच्या जगातही मार्ग बंद झाला की 'माल मिळत नाही' एवढंच लिहू नका, माल आता कुठून जातोय ते लिहा.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात वर गेलात तर तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं परंपरेनं सांगतात. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा घाटाची बोळकांडी अशी अरुंद दिसली की दोन लादलेली जनावरं शेजारून जाताना एकाला थांबावं लागलं असतं. खिंड माझ्या खेळात आली ती तिथून. खेळाडूंना मी ती रुंदी सांगितली आणि चकमकीचा नकाशा आपोआप झाला.

जड आणि स्वस्त माल एवढ्या खर्चात कसा परवडायचा, हा पुढचा प्रश्न. मिठाचं कसंबसं जमलं, पण धान्य तर पुस्तकात पौंडाला एक तांबा आहे. दोनशे पौंड धान्याची खरेदी दोनशे तांबे आणि परतीच्या वाटणीचा खर्च दोनशेचाळीस. घाट उतरेपर्यंत भाव दुपटीच्या वर. खेचरांवरून धान्याचा व्यापार होत नाही. ते नदीतून किंवा समुद्रातून जातं, नाहीतर पिकतं तिथेच राहतं. काळी मिरी मात्र पौंडाला दोन सोनं. दोनशे पौंडांचे चारशे सोनं, आणि वाटखर्च तोच. मिरीला घाट, दरोडे, जकात काहीच जाणवत नाही. म्हणून वस्तूंची यादी करताना भाव लिहिण्याआधी वजनाला किंमत किती हे बघा. ती कोणत्या वाटेनं आणि किती लांब जाईल ते त्यावरूनच कळतं.

आपल्याकडे जड माल जमिनीवरून नेण्याचं कोडं लमाणांनी सोडवलं होतं. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहितो. तांदूळ, धान्य, मीठ घेऊन ते चालायचे, आणि समोरून तांडा आला की कधी कधी दोन-तीन दिवस वाट मोकळी व्हायची थांबावं लागायचं. तो परवडायचा कसा ते वरच्या हिशेबात घालून बघा. बैल वाटेत चरतो, चारा विकत घ्यावा लागत नाही. बायकामुलांसह सगळा संसार बरोबर, त्यामुळे मजुरी नाही. हजारो जनावरं आणि शेकडो माणसं, म्हणून वेगळी रखवाली नाही. खर्चाचे तीनही मोठे आकडे गळाले. त्याची किंमत म्हणजे वेग. तांडा दिवसाला जेमतेम सहा-सात मैल चालतो, आणि त्याला रस्त्यापेक्षा गवत आणि पाणी महत्त्वाचं.

माझ्या मोहिमेत असा बैलवाल्यांचा एक समाज होता आणि तो शेवटपर्यंत सगळ्यात महत्त्वाचा पक्ष ठरला. त्यांच्याकडे किल्ला नाही, सैन्य नाही, पण पठारावरचं निम्मं मीठ त्यांच्या गोण्यांतून यायचं. एका सरदारानं कुरणाला कुंपण घालून तिथे घोड्यांची पैदास सुरू केली. कोणावर हल्ला नाही, कर नाही. पण तांड्यानं त्या वर्षी वाट बदलली आणि पेठेत पुन्हा आमटी अळणी झाली. या वेळी खेळाडू ताट बघूनच उठले आणि कुरणाकडे निघाले.

आता जादू. इथे मात्र तुमच्या जगावर बरंच अवलंबून आहे. धान्याची भीती बाळगू नका. अन्नपाणी निर्माण करणारा मंत्र पंधरा माणसांना एक दिवस पुरतो, ते अन्न चोवीस तासांत खराब होतं, आणि नियमात ते बेचव आहे असंच लिहिलंय. वेढ्यातल्या तुकडीला उपयोगी, व्यापाराला नाही. खरा धोका दूरप्रवासाच्या वर्तुळाच्या मंत्राचा, ज्यानं दूरच्या ठिकाणी थेट दार उघडतं. त्याला पन्नास सोन्याचं साहित्य लागतं आणि दार काही सेकंदच उघडं राहतं. तेवढ्यात पाच खेचरं घुसली तरी एक हजार पौंड मिरी, दोन हजार सोन्याचा माल. पन्नास सोनं म्हणजे अडीच टक्के. कोणता व्यापारी घाट चढेल? म्हणजे तो मंत्र जाणणारे जादूगार तुमच्या जगात ढिगानं असतील तर मिरी, केशर, रेशीम वाटेवर दिसणारच नाही, घाटात फक्त मीठ आणि लोखंड उरेल. तसं जगही चांगलं असतं, पण ते ठरवून करा. माझ्या जगात असे दोनच जादूगार होते आणि दोघं राजांच्या पदरी, त्यामुळे मसाला खेचरावरच राहिला. बातमी मात्र घोड्यावरून मालाच्या आधी पोचायची, आणि त्याचा वेगळा फायदा झाला.

तो असा. घोडेस्वार घाट तीन दिवसांत ओलांडतो, काफिल्याला आठ लागतात. म्हणजे बंदरावर काही घडलं तर पेठेत बातमी मालाच्या पाच दिवस आधी पोचते. या पाच दिवसांत जो शहाणा असेल तो साठा करतो. खेळाडूंना कधी कधी मी ती बातमी आधी देतो, एखाद्या थकलेल्या निरोप्याच्या तोंडून. मग बघायचं, ते मीठ विकत घेऊन दडवतात की लोकांना सांगतात.

पैशाचंही थोडं सांगतो, कारण इथे नवीन डीएमचा खेळ हमखास फसतो. खेळाडू ड्रॅगनच्या गुहेतून सहा हजार सोनं घेऊन साठ घरांच्या खेड्यात येतात. पन्नास नाण्यांचा एक पौंड, म्हणजे एकशेवीस पौंड धातू. आणि मजुराला दिवसाला दोन चांदी, म्हणजे ते तीस हजार दिवसांच्या मजुरीएवढं. शंभर मजुरांचं तीनशे दिवसांचं काम. त्या खेड्यात एका सोन्याच्या नाण्याची मोड द्यायला कोणाकडे नसेल. जो देईल तो उद्या भाव वाढवेल. त्यामुळे ही रक्कम पेठेतल्या सराफाकडेच जाते. परमुलखाची नाणी म्हणून तो बट्टा कापतो, हे स्वाभाविक आहे. आणि बंदरावर पैसे हवेत म्हटलं तर तो नाणी न देता हुंडी देतो, वर हुंडणावळ घेतो. दर्शनी हुंडी दाखवताच वटते, मुदतीची ठरल्या दिवशी.

हुंडी खेळात आणली की एक सुंदर गोष्ट होते. खेळाडूंचं सोनं आता कागदावर आहे, आणि तो कागद बंदरावरची पेढी शाबूत असेल तोवरच सोनं आहे. पेढीचा पैसा काफिल्यांत अडकलेला. घाट बंद झाला की हुंडणावळ वाढते, मग पेढी टाळाटाळ करते, मग एके सकाळी तिचं दार उघडत नाही. आमचा चोर खेळणारा गडी, ज्याला कधी कशाचं सोयरसुतक नव्हतं, तो त्या दिवशी घाट मोकळा करायला सगळ्यात पुढे होता.

हे सगळं सांभाळायला माझ्याकडे वहीचं एक पान असायचं. सहा वस्तू: मीठ, धान्य, लोखंड, कापड, मसाला, गुरं. प्रत्येकीसमोर पाचांपैकी एक शब्द: स्वस्त, नेहमीची, महाग, टंचाई, मिळत नाही. खेळातला महिना संपला की प्रत्येक मार्गासाठी एक सहापैलू फासा. एक पडला तर त्या वाटेवर काहीतरी बिघडलं, आणि त्या वाटेनं येणारी वस्तू एक पायरी वर गेली. दुरुस्त करायला कोणी काही केलं नाही तर पुढच्या महिन्यात आणखी एक. दहा मिनिटांचं काम. मी एकदा बावीस वस्तूंचा तक्ता केला होता. तिसऱ्या महिन्यात तो भरायचा कंटाळा आला आणि मी अंदाजानं भाव सांगू लागलो. दोन बैठकांत खेळाडूंना ते कळलं, कारण लोखंडाचा भाव एकदा विनाकारण उतरला होता. अशा वेळी ते भावांकडे बघायचंच सोडतात. तुमच्या चाळीस वस्तूंमधल्या सहा ठेवा, बाकीच्या पुस्तकातल्या भावानं विका.

ऋतू मात्र विसरू नका. समुद्र पावसाळ्यात बंद, मिठागरं पाण्याखाली, घाट निसरडा. म्हणून माझ्या पानावर मीठ आषाढात आपोआप एक पायरी चढायचं आणि कार्तिकात उतरायचं, फासा काहीही सांगो. खेळाडूंना हे दुसऱ्या वर्षी उमगलं आणि त्यांनी वैशाखात कोठार भाड्यानं घेतलं. लांबलेल्या मोहिमेतच असं होऊ शकतं.

राहिला तुमचा व्यापारी खेळाडू. त्याला अडवू नका, वरचा हिशेब त्याच्या हातात द्या. चाळीस खेचरं म्हणजे तीनशेवीस सोनं, मिठाची खरेदी एकशेसाठ. सगळं सुरळीत झालं आणि परतीचा माल मिळाला तर एका खेपेचा नफा सव्वाशे सोन्याच्या आसपास. साहसी माणसाला हा आकडा फार मोठा नाही, त्यामुळे खेळ बिघडत नाही. दोन खेपांनंतर तो शंभर खेचरं म्हणेल. तेव्हा बाजाराची तहान आठवा. माणशी वर्षाला दहा पौंड मीठ धरलं तर तीन हजारांच्या पेठेला तीस हजार पौंड लागतं. त्याच्या चाळीस खेचरांनीच आठ हजार पौंड, म्हणजे तीन महिन्यांचं मीठ एका दिवसात ओतलं. अर्धं विकलं की बाकीच्याचा भाव एक पायरी खाली, आणि बैलवाल्यांचा नायक त्याला भेटायला येतो. नियम वापरून नफा मारायच्या युक्त्या खेळाडू शोधणारच. जुन्या एका आवृत्तीत शिडी स्वस्त आणि काठी महाग होती, लोक शिड्या मोडून काठ्या विकायचे. त्यावर वाद घालू नका, दुसऱ्या दिवशी गावात काठ्यांना गिऱ्हाईक नाही एवढंच सांगा.

पहिली खेप त्याला दिवाळीनंतर निघू द्या, वाट सुकलेली असताना. रखवालदार किती घ्यायचे हे त्यालाच ठरवू द्या आणि रोजचे दोन सोनं प्रत्येकी मोजून घ्या. बहुतेक खेळाडू दोनच घेतात. सहाव्या दिवशी, खिंडीच्या अलीकडे, अंधार पडताना, वरच्या कड्यावर एक शेकोटी पेटलेली त्याला दिसू द्या, आणि तो काय करतो ते बघा.